भेंड्यांच्या संध्याकाळचं निवेदन: भाषण नको, सांधे लिहा

*यंदा चवथीला आमच्या फोंड्याजवळच्या मूळ घरी पाचव्या दिवशी गाण्यांच्या भेंड्या ठेवल्या आहेत. संध्याकाळची आरती झाल्यापासून पानं मांडेपर्यंत दीड तास मिळेल. माणसं २४, वयं ७ ते ८४. गट, फेऱ्या, शिक्षा सगळं करायचं आहे आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलंय. गेल्या वर्षी विनोद जमवून चार पानं लिहिली होती, तरी अर्ध्या तासात मुलं अंगणात पळाली आणि मोठी माणसं आपसात बोलत बसली. यंदा काय लिहू? कुणाकडे तयार निवेदन आहे का?*

तयार निवेदनं माझ्याकडे ढीगभर आहेत, पण ती देऊन तुमचं काम होणार नाही. तुमचे विनोद पडले म्हणून मुलं पळाली असं मला वाटत नाही. भेंड्यांत माणसं उठतात ती मधल्या रिकाम्या जागांमुळे. एक गाणं संपतं, पुढचं सुरू व्हायला वेळ लागतो, अक्षर कोणतं यावर वाद होतो, कुणीतरी वही घेऊन गुण मोजत बसतं. या दहा-पंधरा सेकंदांच्या भोकांतून संध्याकाळ गळून जाते. तुमची चार पानं बहुतेक फेरीच्या सुरुवातीला वाचायची होती आणि भोकं होती फेरीच्या पोटात.

डिचोली, सत्तरी, फोंडा या भागात मी वीसेक वर्षं सूत्रसंचालन करते आहे. मोठे कार्यक्रम कमी, वाड्यावरचे आणि घरगुतीच जास्त. तुमच्या घरात माइक आहे का, पेटी किंवा घुमट वाजवणारं कुणी आहे का, हॉल आहे की वसरी, यावर पुष्कळ काही ठरेल. पुढचं सगळं मी वसरीत किंवा हॉलमध्ये गोल बसलेल्या २४ माणसांसाठी, माइकशिवाय, असं धरून सांगते. माइक असला तरी एवढ्या माणसांना तो नकोच. माइक हातात आला की निवेदक लांबट बोलतो, हे मी स्वतःवरून सांगते.

आधी वेळेचा हिशोब करा, म्हणजे किती लिहायचं ते आपोआप ठरेल. ६ जणांचे ४ गट. एका गटाच्या एका पाळीत अक्षर सांगायला ५ सेकंद, विचाराला जास्तीत जास्त १५, गाण्याला २०, निकालाला ५. म्हणजे पाऊण मिनिट. चारही गटांची एक फेर ३ मिनिटांत होते. पहिल्या अक्षरफेरीत ५ फेर धरल्या तर १५ मिनिटं, शब्दफेरीत ४ फेर म्हणजे १२, चालफेरीत ३ फेर म्हणजे ९. प्रत्येक फेरीची ओळख १ मिनिट आणि शेवटी शिक्षेची ३ मिनिटं मिळवा. शेवटी एक वेगाची फेरी ओळखीसकट ९ मिनिटं, सुरुवात ४, समारोप ५. सगळं मिळून ६६ मिनिटं झाली. उरलेली २४ मिनिटं मोकळी ठेवा, त्यात काहीही बसवू नका. चवथीच्या दिवसांत गणपती बघायला कुणी ना कुणी येणारच, लायट जाणारच, एखादी आजी पूर्ण पद म्हणणारच. ती मिनिटं त्यांची.

आता बघा, पहिल्या तीन फेऱ्यांत ४८ पाळ्या झाल्या. प्रत्येक पाळीत अक्षर सांगणं आणि निकाल मिळून तुमच्या वाट्याला १० सेकंद येतात. समोर बसलेल्यांना नीट ऐकू जावं असं बोललं तर माझा वेग मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास असतो, म्हणजे १० सेकंदांत १८ शब्द. निवेदन म्हणजे हे १८ शब्द, ४८ वेळा. ते दर वेळी नवे लागत नाहीत. बारा-चौदा सांधे, म्हणजे दोन पाळ्या जोडणाऱ्या छोट्या ओळी, तयार ठेवले तर ते फिरवून फिरवून पुरतात, आणि तिसऱ्यांदा आलेली ओळ लोक तुमच्याबरोबर म्हणायला लागतात. ते झालं की मुलं पळत नाहीत.

सांधे लिहायला सोपे जावेत म्हणून गटांची नावं विचार करून ठेवा. १९९३ पासून झी टीव्हीवर आलेल्या अंताक्षरीमुळे दीवाने, परवाने, मस्ताने ही नावं घराघरात गेली आणि अजून लोक तीच ठेवतात. पण त्या नावांवर बोलायला काही राहिलेलं नाही. तुमच्या गणपतीच्या डोक्यावर माटोळी टांगलेली असेल, तिच्यातून नावं काढा: नारळ, सुपारी, आंबाडे, कांगला. वर बोट दाखवलं की नाव समजतं, सात वर्षांच्या मुलालाही. आणि फळांचे गुण आयते मिळतात. आंबाडे चुकले की आंबट झाले, नारळ गप्प बसले की फुटायला वेळ लागतोय, सुपारी लगेच उत्तर देते तेव्हा तिचं आधीच कातरण झालंय. हे विनोद फळावर होतात, माणसावर होत नाहीत. घरगुती कार्यक्रमात हा फरक फार महत्त्वाचा आहे, त्याकडे शिक्षेच्या वेळी पुन्हा येते.

गट पाडताना घराण्याप्रमाणे किंवा भाऊ विरुद्ध वहिन्या असे पाडू नका. वयाप्रमाणे सगळ्यांना रांगेत उभं करा आणि एक-दोन-तीन-चार मोजत जा. प्रत्येक गटात एक म्हातारं माणूस, एक मूल आणि हिंदी गाणी पाठ असलेलं कुणीतरी येतं. आजीला नाट्यपदं येतात, नातवाला कालपरवाची हिंदी गाणी, मधल्या पिढीला दोन्हीतलं थोडं थोडं. गटात असे मिसळले की एकमेकांना विचारावं लागतं, आणि ते विचारतानाच खरी गंमत होते. भाषेचा नियम मी असा ठेवते: मराठी, कोंकणी, हिंदी तिन्ही चालतील, पण एका गटाने लागोपाठ दोनदा हिंदी म्हणायचं नाही. याचं एक व्यावहारिक कारण आहे. हिंदी गाण्यांच्या कितीतरी ओळी ‘है’, ‘हैं’, ‘हो’ अशा संपतात आणि नुसत्या हिंदीवर सोडलं तर दर तिसऱ्या पाळीला ‘ह’ येतो. दहाव्या मिनिटाला ‘ह’ची गाणी संपतात आणि सगळे त्याच चार गाण्यांवर भांडतात. मराठी ओळी ‘रे’, ‘ग’, ‘ला’, ‘ते’ अशा वेगवेगळ्या अक्षरांवर संपतात, त्यामुळे साखळी हलती राहते.

अक्षराचे नियम पहिल्या मिनिटात सांगून टाका, नाहीतर अर्धी संध्याकाळ त्यातच जाईल. ध्रुवपदाची पहिली पूर्ण ओळ म्हणायचीच, मध्ये सोयीच्या अक्षरावर थांबायचं नाही. हा नियम नसला तर हुशार गट मुद्दाम ‘ठ’ किंवा ‘ढ’वर येऊन थांबतो. शेवटचं अक्षर म्हणजे शेवटचं उच्चारलेलं व्यंजन, काना-मात्रा सोडून: ‘आहे’चा ह, ‘गेलं’चा ल. जोडाक्षर असेल तर त्यातलं शेवटचं: ‘चंद्र’चा र, ‘स्वप्न’चा न. ‘ळ’ आला तर ‘ल’ घ्यायचा आणि ‘ण’ आला तर ‘न’, कारण या दोन अक्षरांनी सुरू होणारं गाणं कुणाकडेच नसतं. मराठीत ‘जवळ’, ‘वेळ’, ‘आभाळ’ हे ओळीच्या शेवटी सारखे येतात, त्यामुळे ‘ळ’चा नियम पहिल्या पाच मिनिटांतच लागतो. तो आधी सांगितलेला नसेल तर तिथेच पहिलं भांडण होतं.

आणि वाद झाला तर निकाल तुम्ही देऊ नका. मानाचं एक माणूस पंच म्हणून बसवा, शक्यतो ज्यांना फार वेळ गटात बसवणार नाही असं. निवेदकाने निकाल दिला की हरलेला गट निवेदकावर रुसतो आणि मग तुमची एकही ओळ त्यांना लागत नाही. आपल्याकडे देवळात कौल घेतात, तो शब्द मी वापरते. वाद झाला की म्हणते, “पंच काकी, कौल लावा!” काकींनी गाणं मान्य केलं तर सगळ्यांनी मिळून “उजवा!”, अमान्य केलं तर “डावा!” ही एक ओळ मी कितीही वेळा वापरली तरी जुनी होत नाही, कारण शेवटचा शब्द लोकांचा असतो. घरात कौल-प्रसादाबद्दल फार सोवळं असेल तर मात्र विचारून घ्या.

आता पहिल्या फेरीची सुरुवात मी कशी लिहीन ते देते. शब्द मोजा, ७५च्या आसपास भरतील.

“मंडळी, आरती झाली, आता गळे तापलेलेच आहेत, थंड होऊ देऊ नका. वर माटोळीकडे बघा. हे नारळ, ही सुपारी, हे आंबाडे, हा कांगला. पहिली फेरी अक्षराची. गाणं संपेल त्या अक्षराने पुढच्याने उचलायचं. पूर्ण ओळ म्हणायची. ळ आला तर ल, ण आला तर न. वेळ पंधरा सेकंद, घुमट थांबला की संपला. एक भेंडी चढली तर नुसती खूण. दुसरी चढली तर काय, ते या डब्यात आहे. डबा आता उघडायचा नाही. नारळ, पहिलं अक्षर तुमच्याकडे: म, माटोळीचा म!”

दोन गोष्टी इथे मुद्दाम केल्या आहेत. हिंदीतली ती ठरलेली सुरुवात ‘नाम’वर संपते म्हणून सगळीकडे पहिलं अक्षर म असतं. ते म ठेवलं, पण सुरुवात आपल्या घरातली केली. दुसरं, अक्षर नुसतं न सांगता शब्दाबरोबर सांगितलं. गलक्यात ट आणि ठ, द आणि ध, ब आणि भ एकसारखेच ऐकू येतात. ऐकणाऱ्याने चुकीचं अक्षर धरलं, गाणं म्हटलं, मग कळलं, मग वाद. म्हणून अवघड अक्षरांचे शब्द आधीच कार्डावर लिहून ठेवा: घ घुमटाचा, ध धालोचा, फ फुगडीचा, भ भजनाचा, झ झांजेचा. हे शब्द घरच्या कानाला ओळखीचे हवेत.

घुमटाचा उल्लेख केला तो वेळ मोजण्यासाठी. मोबाइलची शिट्टी कर्कश असते आणि ती वाजली की लोक मोबाइलकडे बघतात. आरतीला घुमट वाजवणारा पुतण्या किंवा भाचा जवळ बसवा. पहिली दहा सेकंद त्याने गप्प राहायचं, शेवटची पाच सेकंद हळूहळू वेग वाढवत वाजवायचं आणि एका थापेवर थांबायचं. त्या पाच सेकंदांत तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. नवा निवेदक नेमका तिथेच बोलतो, “चला चला, वेळ संपत आला, काय हो नारळ,” आणि जो आठवत असतो त्याच्या डोक्यातली ओळ पुसून टाकतो. तुमचं बोलणं अक्षर सांगून झाल्यावर पहिल्या तीन-चार सेकंदांतच संपलं पाहिजे. घुमट नसेल तर ताट आणि चमचा चालतो.

एक पाळी कशी जाते ते बघा. नारळ गटाने गाणं म्हटलं, ओळ ‘जवळ’वर संपली. तुम्ही: “जवळ आलात पण पोचला नाहीत, ळचा ल! सुपारी, ल, लाडवाचा ल.” सुपारीवाले म्हणतात, ळ म्हणजे ळ, आम्हाला नको. तुम्ही: “पंच काकी, कौल!” काकी म्हणतात ल. सगळे: “उजवा!” सुपारी गप्प. घुमट सुरू, थाप. तुम्ही: “सुपारी अडकली. एक खूण. तोच ल आंबाड्यांकडे.” आंबाड्यांतली सात वर्षांची मुलगी शाळेतली कविता म्हणते, चालीत. मोठी मुलं ओरडतात, हे गाणं नाही. यासाठी सांधा आधी लिहून ठेवलेला असला पाहिजे: “चाल आहे, ताल आहे, गाणारी आहे. दहा वर्षांखालच्यांना सगळं गाणंच!” आणि पुढे. हा नियम मी सुरुवातीला जाहीर करत नाही, कारण मग मोठे लोक मुलांना पुढे करून कविता म्हणायला लावतात. तो वेळेवर सांगितला की मुलीला मान मिळतो.

हे सगळं दीड-दोन मिनिटांत झालं आणि तुमचे एकूण शब्द पन्नासही झाले नाहीत. त्यातले सुपारीवरचे बोल फळाचे, ळवरचा बोल ओळीतल्या शब्दाचा. गाण्याच्या शेवटच्या शब्दावरून पुढचं बोलायला शिकलात की पाठांतर कमी लागतं. ‘पाऊस’वर गाणं संपलं तर “पाऊस पडला, स भिजला,” ‘रात’वर संपलं तर “रात झाली, त जागा आहे का?” फार भारी नसतं, पण गाण्यातूनच आलेलं असतं म्हणून चालतं. इंटरनेटवरचे नवरा-बायकोचे विनोद मध्ये घुसवले की संध्याकाळीत दुसऱ्याच घरातलं कुणीतरी बसल्यासारखं वाटतं.

आजीच्या नाट्यपदाचा सांधा वेगळा लिहा. आजी पदाला लागली की आलाप, ताना सगळं येणार, आणि वीस सेकंदांत थापेवर थांबवणं बरं दिसत नाही. मी असं म्हणते: “आजी, हे पद असं तुकड्यात ऐकायचं नाही. जेवणाआधी पुरं ऐकणार, माझ्या कार्डावर लिहिलं. आता शेवटचं अक्षर तेवढं द्या.” आणि ते खरंच कार्डावर लिहायचं. एकदा मी हे बोलले आणि विसरले. पुढच्या वर्षी त्या आजी भेंड्यांना आल्याच नाहीत.

आता शिक्षा. तुमच्या प्रश्नात तिच्यावर एकच शब्द आहे, पण घरगुती भेंड्यांत सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. दोन प्रकारे. एक वेळेचं. प्रत्येक भेंडीला शिक्षा ठेवली आणि एका फेरीत आठ भेंड्या चढल्या, दीड मिनिट प्रत्येकी, की बारा मिनिटं शिक्षेतच गेली आणि गाण्याची साखळी आठ वेळा तुटली. म्हणून पहिली भेंडी नुसती खूण. दोन खुणा झाल्या की एक शिक्षा, आणि ती त्याच वेळी नाही, फेरी संपल्यावर. एका फेरीत जास्तीत जास्त दोन शिक्षा, बाकीच्या माफ. शिक्षा चालू असताना गुण लिहिणारा आपली बेरीज करून घेतो, म्हणजे बेरजेसाठी सगळ्यांनी थांबावं लागत नाही. मला स्वतःला हे सुचायला काही वर्षं लागली.

दुसरं नुकसान माणसांचं. एका घरी मी चिठ्ठी लिहिली होती: ‘घरातल्या एकाची नक्कल करा, बाकीच्यांनी ओळखायचं.’ लिहिताना निरागस वाटली. ती निघाली बारा वर्षांच्या मुलाला, आणि त्याने आजोबांची चाल केली. आजोबांना वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. मुलाच्या मनात काही नव्हतं, तो रोज बघतो ते त्याने केलं. पण खोली गप्प झाली. माझ्याकडे पुढची ओळ नव्हती. मी घाईने “पुढचं अक्षर त” म्हटलं आणि ते आणखी वाईट दिसलं. तेव्हापासून घरातल्या माणसाची नक्कल हा प्रकार बंद. शरीर, लग्न, मूल, नोकरी, परीक्षेचे गुण, स्वयंपाक कुणाचा चांगला, यातलं काही चिठ्ठीत येत नाही. शेवटचं तर अजिबात नाही. सासू-सुनांच्या घरात नेवऱ्यांवरून तुलना झाली की ती पुढच्या चवथीपर्यंत पुरते.

चिठ्ठी मी आता दोन्ही बाजूंनी लिहिते. पुढे काम, मागे तीन गोष्टी: कोण करू शकतं, किती सेकंद, आणि शिक्षा संपवणारी ओळ. एक नमुना. पुढे: ‘सकाळी पोदेर दारात आलाय. भोंपू तोंडाने वाजवा आणि तीन घरी पाव विका.’ मागे: ‘दोघांनी मिळून, एक बसून चालेल. २० सेकंद. संपवताना: पाव संपले, पोदेर दुसऱ्या वाड्यावर गेला. आंबाडे, टाळ्यांसकट जागेवर!’ संपवणारी ओळ नसेल तर शिक्षा झालेला माणूस मध्येच उभा राहतो, हसू संपलेलं असतं, बसावं की नाही कळत नाही. ते चार सेकंद त्याला चार मिनिटांसारखे वाटतात.

दोघांनी मिळून करणं हेही नेमकं कारणासाठी आहे. एकट्याला शिक्षा लाजवते, दोघांना ती खेळासारखी वाटते. कोणी दोघं ते गट ठरवेल, तुम्ही बोट दाखवायचं नाही. कुणाला नकोच असेल तर मागच्या बाजूला पर्याय लिहून ठेवते: सगळ्या गटाने मिळून एका आरतीची एक ओळ घुमटाच्या तालावर, दुप्पट वेगात. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

तुमच्या भागातल्या बसचा कंडक्टर ही चिठ्ठी हमखास चालते: फोंडा ते पणजी वाटेतले थांबे ओरडायचे आणि प्रवाशांना पुढे सरकवायचं. दुसरी, नेवरी कशी करतात ते क्रिकेटच्या धावत्या समालोचनासारखं सांगायचं, सारण भरण्यापासून कातण फिरवेपर्यंत, ३० सेकंदांत. ही पुरुषांना निघाली तर जास्त मजा येते, कारण मधल्या पायऱ्या त्यांना माहीत नसतात आणि बायका आतून ओरडून सांगतात. मासळीवालीची हाक ही चिठ्ठी मलाही फार आवडते, पण गणपती घरात असताना समोर बसून सुंगटांचे भाव करणं काही जुन्या माणसांना रुचत नाही. ती दिवाळीनंतरच्या कार्यक्रमाला ठेवा.

सगळ्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी एकदा वाचा, आणि प्रत्येक चिठ्ठी वाचताना घरातल्या सर्वांत हळव्या माणसाला ती निघाली असं धरा. ज्या चिठ्ठीला पोटात गोळा येतो ती फाडून टाका. मी १५ लिहिते आणि ८ ठेवते. तीन फेऱ्यांत जास्तीत जास्त ६ लागतात.

बाकीच्या फेऱ्यांबद्दल थोडक्यात. शब्दफेरीत शब्द चिठ्ठीवर द्या (पाऊस, चंद्र, डोळे, वाट, घर असे) आणि तो शब्द ध्रुवपदात किंवा पहिल्या अंतऱ्यात हवा, एवढं सांगा. चालफेरीत पेटी नसेल तर शब्दांऐवजी ‘ला ला’ म्हणायचं, पुढच्या गटाने गाणं ओळखायचं. यात निवेदन जवळजवळ नको, फक्त पाळी बदलताना गटाचं नाव घ्या. वेगाच्या फेरीत विचाराला ८ सेकंद, चुकलं तरी शिक्षा नाही. इथे तुमचे १८ शब्द चारवर येतात: “कांगला, ग!” “सुपारी, व!”

अडचणींचे सांधे वेगळ्या कार्डावर, त्यांना मी लाल कड करते. गणपती बघायला शेजारी आले तर: “पाहुणे आले, घुमट थांबला, वेळ मोजली जात नाही. दर्शन घेऊन एक गाणं म्हटल्याशिवाय मात्र सोडणार नाही. अक्षर कुठलंही, गुण मागे पडलेल्या गटाला.” यात पाहुण्यांचा मान होतो, मागे पडलेला गट वर येतो आणि दोन मिनिटांत खेळ पुन्हा लागतो. लायट गेली तर: “दिव्याच्या उजेडात गाणाऱ्याला दोन गुण जास्त.” समया पेटलेल्याच असतात, आणि खरं सांगायचं तर माझ्या काही उत्तम फेऱ्या अशाच झाल्या आहेत. एकाच गटाने सगळं जिंकायला सुरुवात केली तर विनोद करू नका, पुढच्या फेरीत त्यांच्याकडून अक्षर काढण्याचं काम घ्या. जिंकणाऱ्यांना काम दिलं की ते थोडे कमी गातात.

हे सगळं मोबाइलवर ठेवू नका. पडदा बंद होतो, फोन येतो, आणि तुम्ही खाली बघताना सगळे खाली बघतात. पोस्टकार्डाच्या आकाराची जाड कार्डं घ्या, एका फेरीला एक. पुढे ओळख मोठ्या अक्षरात, मागे त्या फेरीचे चार सांधे. लाल कडेचं कार्ड सगळ्यांत वर. घरच्यांनाच ऐकवू नका, गंमत जाते. आरशासमोर मोठ्याने म्हणा, घड्याळ लावून. जी ओळख एका मिनिटात बसत नाही तिच्यातला विनोद आधी काढा, नियम नाही.

शेवटचं कार्ड जेवणाला जोडलेलं हवं. गुण सांगून झाल्यावर आभारप्रदर्शन सुरू केलंत की स्वयंपाकघरातून पहिली हाक येईल आणि तुमचे आभार हवेत राहतील. माझं शेवटचं कार्ड असं असतं: “गुण ऐका: पाटीवर लिहिलेत, खडू अजून ओला आहे. पहिला गट आधी बसणार नाही, पहिला गट आज वाढणार आहे. पण पानांवर बसण्याआधी आजींचं पद, पुरं. घुमट, ठेका धर.”